आलेला फोन, केलेला फोन
(ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेतलं एक भाषण)

ओटीपी कोणाला सांगू नये, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. बँक सांगते, वर्तमानपत्र सांगतं, मध्यंतरी तर फोन लावला की रिंग वाजायच्या आधी अमिताभ बच्चन सांगायचे. तरीही पुण्यात माणसं फसतात, आणि फसणारी माणसं काही अडाणी नसतात. दुधाच्या हिशेबात चार आणे चुकले तर गवळ्याला परत बोलावणारी, आयुष्यभर दुसऱ्यांची खाती तपासलेली माणसं त्यात असतात. मी स्वतः बँकेत नोकरी केली. काउंटरसमोर येऊन ‘असं कसं झालं हो?’ असं विचारणारे चेहरे मी पाहिलेत. म्हणून आज तुम्हाला पाठ असलेला धडा पुन्हा म्हणून दाखवणार नाही. तो धडा पुरा का पडत नाही, तेवढंच सांगतो.

पहिली अडचण अशी की आपण ओटीपी सांगतोच. गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस दारात उभा राहून कोड विचारतो, आणि आपण चष्मा शोधून, मेसेज उघडून तो देतो. ॲपवरून रिक्षा बोलावली की रिक्षावाला चार आकडे मागतो. ते न दिले तर रिक्षा हलत नाही. कुरियरवालाही कधी कधी मागतो. म्हणजे ‘कधीच सांगू नका’ हा नियम आपण आठवड्यातून दोन-तीनदा मोडतो, आणि तो मोडणं बरोबरच असतं. ज्या नियमाला असे रोजचे अपवाद असतात, त्या नियमातून आत यायला चोराला मुद्दाम वाट करावी लागत नाही. त्याने फक्त म्हणायचं, ‘काका, तुमचं पार्सल आलंय, कोड सांगा.’

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. हुशार चोर हल्ली ओटीपी मागतच नाही. न मागता तो त्याच्याकडे कसा जातो, हे समजण्यासाठी एकच प्रकार घेऊ आणि तो शेवटपर्यंत उलगडू. प्रकार आपल्या घरातलाच आहे: वीजबिलाचा.

साधारण 2022 पासून महाराष्ट्रात एक मेसेज फिरतोय. भाषा मोडक्या इंग्रजीतली. मतलब असा, की मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, म्हणून आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडण्यात येईल, ताबडतोब आमच्या अधिकाऱ्याशी या नंबरवर बोला. खाली एक दहा आकडी मोबाइल नंबर. महावितरणने याबद्दल अनेकदा जाहीर इशारे दिले आहेत. गंमत म्हणजे मेसेज जसाच्या तसा वर्षानुवर्षं चालतो. चालतो, कारण त्यातली वेळ नेमकी निवडलेली आहे. साडेनऊ म्हणजे जेवणं झालेली, टीव्ही चालू, ऑफिसं बंद. रास्ता पेठेत जाऊन विचारावं म्हटलं तर दार उघडं नाही. मुलगा बंगळूरला किंवा अमेरिकेत. घरात दोघंच, आणि त्यातल्या एकाला रात्री श्वासाचं मशीन लावून झोपावं लागत असेल, तर अंधाराची भीती खरी असते.

इथे एक कायदा माहीत हवा. वीज कायदा 2003, कलम 56. बिल थकलं तरी वीज तोडण्याआधी ग्राहकाला किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. पूर्ण पंधरा दिवस. तेव्हा ‘आज रात्री तोडतो’ हे वाक्य आलं की ते महावितरणचं नाही, इतकं गणित सोपं आहे. बिलासाठी रात्री साडेनऊला खांबावर कोणी चढत नाही. शिवाय महावितरणचे खरे मेसेज मोबाइल नंबरवरून येत नाहीत. पाठवणाऱ्याच्या जागी MSEDCL ही अक्षरं असतात, पुढे-मागे आणखी एक-दोन अक्षरं. पाठवणाऱ्याच्या जागी दहा आकडे दिसले की मेसेज बाद.

पण समजा, सदाशिव पेठेतल्या एका काकांनी घाईत तो नंबर लावला. पलीकडचा माणूस उद्धट नसतो, उलट फार गोड बोलतो. ‘सर, तुम्ही बिल भरलंय, मला दिसतंय. फक्त सिस्टिममध्ये अपडेट झालेलं नाही. दहा रुपये भरा, लगेच अपडेट होईल.’ दहा रुपये! दहा रुपयांसाठी कोण संशय घेईल? आणि त्याला हवे असतात ते दहा रुपये नाहीतच.

मग तो म्हणतो, ‘मी तुम्हाला मदत करतो, प्ले स्टोअरवर जा.’ काका जातात. तो एका ॲपचं नाव सांगतो. ॲनीडेस्क असेल, टीमव्ह्यूअर क्विकसपोर्ट असेल. ही ॲप खोटी नाहीत, हे लक्षात घ्या. संगणक दुरुस्त करणारे लोक ती रोज वापरतात. दूर बसून दुसऱ्याची स्क्रीन बघणं, हेच त्यांचं काम. ॲप उघडलं की फोनवर नऊ-दहा आकड्यांचा एक नंबर येतो. पलीकडचा तो विचारतो. काका सांगतात, कारण हा काही ओटीपी नाही! मग फोनच एक सूचना देतो की तुमच्या स्क्रीनवर जे दिसेल ते सगळं आता समोरच्याला दिसेल, चालेल का? सूचना इंग्रजीत असते, पलीकडचा म्हणतो ‘यस दाबा सर’, आणि काका दाबतात. या क्षणापासून तो माणूस काकांच्या खांद्यावरून वाकून त्यांचा फोन बघतोय, असं समजा.

आता दहा रुपये भरायला एक लिंक येते. पान महावितरणसारखंच दिसतं. काका डेबिट कार्डाचा नंबर, मुदत संपण्याची तारीख आणि मागचे तीन आकडे टाकतात. तिकडे तो माणूस हे सगळं कागदावर उतरवून घेतो, आणि तेच आकडे दुसऱ्या एका खऱ्या दुकानाच्या पानावर टाकून एकोणपन्नास हजारांची खरेदी सुरू करतो.

इथे क्षणभर थांबून ओटीपी म्हणजे नेमकं काय, ते बघू. 2009 सालापर्यंत कार्डाचे आकडे टाकले की खरेदी होत असे. रिझर्व्ह बँकेने त्या वर्षीच्या ऑगस्टपासून नियम केला की कार्डावर छापलेलं नाही असं आणखी काहीतरी विचारल्याशिवाय इंटरनेटवर पैसे जाऊ देऊ नका. ओटीपी हे ते आणखी काहीतरी. बँकेचा संगणक त्या एकाच व्यवहारापुरते आकडे तयार करतो, खात्याला जोडलेल्या मोबाइलवर पाठवतो, आणि काही मिनिटांत ते निरुपयोगी होतात. म्हणजे ओटीपी आला, याचा अर्थ कोणीतरी तुमच्या नावाने व्यवहार आधीच सुरू केलाय आणि फक्त शेवटची सही राहिली आहे. तुम्ही काही घेत नसताना ओटीपी आला, तर ‘चुकून आला असेल’ म्हणून सोडून देऊ नका. तुमच्या कार्डाचे किंवा खात्याचे बाकीचे आकडे कोणाच्या तरी हातात असण्याची ती खूण असू शकते. बँकेच्या अशा मेसेजमध्ये बहुतेक वेळा रक्कम आणि दुकानाचं नावही असतं. आपण आकडे तेवढे वाचतो, वाक्य वाचत नाही.

परत काकांकडे. ओटीपीचा मेसेज त्यांच्या फोनवर वरून सरकत येतो. दोन सेकंद दिसतो. काकांनी तो कोणाला सांगितला नाही. पण स्क्रीन उघडी आहे, पलीकडच्याने तो वाचला, टाकला, व्यवहार झाला. मेसेजमध्ये एकोणपन्नास हजार असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण काका तो वाचू शकले नाहीत, कारण तो माणूस त्याच वेळी बोलत होता. ‘सर, होल्ड करा, लाइनवर राहा, फोन ठेवू नका, नाहीतर पहिल्यापासून करावं लागेल.’ मला विचाराल तर सगळ्या फसवणुकीतलं सर्वात महत्त्वाचं वाक्य हेच आहे: फोन ठेवू नका. खऱ्या बँकेला किंवा खऱ्या वीज कंपनीला तुम्ही फोन ठेवल्याने काहीही फरक पडत नाही. फक्त चोराला पडतो.

पोलिसांनी विचारलं की काका छातीवर हात ठेवून सांगतात, ‘मी ओटीपी दिलाच नाही.’ आणि ते खरं असतं.

याची पुढची आवृत्ती आणखी सोपी आहे. स्क्रीन बघायचीही गरज नाही. व्हॉट्सॲपवर एक फाइल येते. तिच्या नावात बिल, आरटीओचा दंड, बँकेचं केवायसी किंवा लग्नाची पत्रिका असं काहीही असेल. पुण्यात पाइपच्या गॅसच्या बिलासाठी एमएनजीएलच्या नावाने हाच खेळ खेळला गेला. नाव काही असो, शेवटची अक्षरं बघायची: .apk. पत्रिका, बिल, पावती या गोष्टी फोटो किंवा पीडीएफ म्हणून येतात. .apk म्हणजे कागद नव्हे, ते ॲप असतं, आणि ते प्ले स्टोअरच्या दारातून न येता मागच्या भिंतीवरून येतं. उघडलं की ते विचारतं, मेसेज वाचायची परवानगी द्याल का? दिली, की तुमच्या फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर चोराकडे जातो. त्यानंतर फोन करायची, गोड बोलायची काहीच गरज उरत नाही. रात्री तुम्ही झोपलेले असताना काम होतं. म्हणून व्हॉट्सॲपवरून आलेली .apk कोणीही पाठवलेली असो, भाचीने पाठवलेली असो, उघडायची नाही. भाचीचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेला असेल, तर तिच्या नावाने तीच फाइल सगळ्या नातेवाइकांना जाते.

आणि एक प्रकार असा, ज्यात ओटीपीचा संबंधच येत नाही. डिजिटल अरेस्ट. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे पोलिस ठाण्यासारखी भिंत. तुमच्या आधारवर काढलेल्या खात्यातून काळा पैसा फिरलाय, तुम्हाला घरातच अटक केली आहे, कॅमेरा बंद करायचा नाही, कोणाला सांगायचं नाही, पैसे ‘तपासणीसाठी’ या खात्यात पाठवा, निर्दोष असाल तर परत मिळतील. यात म्हातारी माणसं स्वतः बँकेत जातात, मुदत ठेवी मोडतात आणि आरटीजीएसचा फॉर्म स्वतःच्या अक्षरात भरतात. काउंटरवरच्या मुलीने विचारलं तर ‘नातवाच्या शिक्षणासाठी’ असं पढवलेलं उत्तर देतात. सगळं अधिकृत, सही जुळते, बँक काय करणार? आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये हे सांगितलं, आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकाराची दखल घेतली. पोलिस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. आणि चौकशीसाठी पैसे कुठेच भरावे लागत नाहीत.

एवढं करूनही एखाद्याचे पैसे गेलेच, तर काय करायचं? यात क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यात आधी फोनचं इंटरनेट बंद करा. ते जमत नसेल तर फोनच बंद करा, कारण तो माणूस अजून आत बसलेला असू शकतो. मग दुसऱ्या फोनवरून, शेजाऱ्यांच्या चालेल, 1930 लावा. हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीसाठीचा नंबर आहे. तिथे बँक, खातं, रक्कम, वेळ आणि मिळाला तर व्यवहाराचा नंबर विचारतात. ही माहिती लगेच पुढच्या बँकेकडे जाते, आणि पैसे अजून तिथल्या खात्यात असतील तर ती रक्कम गोठवली जाते. पुढे सरकले असतील तर त्याच्या पुढच्या बँकेला कळवतात. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही. कोणाकोणाची भाड्याने घेतलेली खाती असतात, त्यांतून रक्कम तुकडे करून फिरवतो आणि शेवटी एटीएममधून काढतो. शर्यत त्याच्याशी असते, आणि ती तासाभरात बऱ्याचदा संपते. सकाळी मुलाला विचारून बघू, म्हटलं तर उशीर झालेला असतो. cybercrime.gov.in वर सविस्तर तक्रार नंतर सावकाश करता येते, त्यासाठी शिवाजीनगरच्या सायबर पोलिसांकडेही जाता येतं.

1930 नंतर लगेच बँकेला कळवायचं, आणि तक्रारीचा नंबर व वेळ वहीत लिहून ठेवायची. त्यामागे पैशाचं कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या नियमानुसार चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याचीच असेल, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य धरतात. पण ओटीपी किंवा पिन तुम्ही दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे नऊ वाजता एक लाख गेले, आणि तुम्ही लाजून अकरापर्यंत गप्प बसलात, तर त्या दोन तासांत जे जे जाईल ते तुमच्याच खिशातून जाणार. मुलगा काय म्हणेल, या विचाराची किंमत कधी कधी लाखांत जाते.

जाता जाता बँकवाल्याचा एक आगंतुक सल्ला. जे खातं फोनला जोडलेलं आहे, त्यात महिन्या-दोन महिन्यांच्या खर्चापुरते पैसे ठेवा. पेन्शन जमा होणारं खातं आणि मुदत ठेवी शक्यतो दुसरीकडे, नेटबँकिंग न घेतलेल्या खात्यात ठेवा. कारण ज्या ॲपमध्ये ठेव दिसते, त्याच ॲपमधून ती मोडताही येते, आणि चोराला हे तुमच्याआधी माहीत असतं. डेबिट कार्डाचा परदेशातला वापर बंद करून घ्या आणि इंटरनेटवरच्या खरेदीची मर्यादा कमी करा. बँकेत अर्ज दिला तर तेही करून देतात.

आता त्या अपुऱ्या धड्याच्या जागी पाळायचा नियम. ओटीपी सांगावा की नाही, फाइल उघडावी की नाही, गणवेश खरा की खोटा, हे सगळं त्या क्षणी ओळखायला गेलात तर हराल, कारण पलीकडचा माणूस दिवसभर तेच काम करतो आणि तुम्ही नुकतेच दुपारच्या झोपेतून उठलेले असता. म्हणून ओळखायचंच नाही. वरचे सगळे प्रकार पुन्हा आठवून बघा. वीजबिल, गॅसबिल, केवायसी, पार्सल, अटक. प्रत्येकात तुमचा पैसा त्याने सुरू केलेल्या बोलण्यातून गेलाय. त्याने फोन केला, नाहीतर त्याने दिलेल्या नंबरवर तुम्ही केलात. तुम्ही स्वतःहून, पासबुकावरच्या नंबरवर फोन केला आणि फसलात, असं यात कुठेच नाही.

म्हणून घरी गेल्यावर एक पान करा. बँकेचा नंबर कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो, तो मोठ्या अक्षरात उतरवा. महावितरणचा 1912. गॅसचा नंबर बिलावरून. मुलाचा, मुलीचा, शेजाऱ्यांचा. आणि 1930. हे नंबर गूगलवर शोधू नका, तिथे चोरांनी आपलेच नंबर ‘कस्टमर केअर’ म्हणून लावून ठेवलेले असतात. पान टेलिफोनशेजारी चिकटवा. पुणेकरांना पाटी लावायला शिकवायला नको.

फोनवर कोणीही पैशाचं, कार्डाचं, कोडचं किंवा कुठलं ॲप घ्यायचं बोलला, तर ‘ठीक आहे, मी फोन करतो’ एवढंच म्हणायचं आणि ठेवायचं. वाद घालायचा नाही, शिव्याही द्यायच्या नाहीत, त्याला बोलायला वेळच द्यायचा नाही. आवाज नातवाचा असेल, तो रडत असेल, अपघात झालाय म्हणत असेल, तरी ठेवायचा आणि पानावरच्या त्याच्या नंबरवर लावायचा. हल्ली आवाजाचीही नक्कल होते. तो खरंच नातू असेल, तर तुमचा फोन त्यालाच लागेल. बिल खरंच थकलं असेल, तर 1912 वर कळेल, आणि पंधरा दिवस हातात आहेत.

लिहून घ्या, एकच ओळ आहे: आलेल्या फोनवर पैशाचं काम करायचं नाही, काम असेल तर फोन ठेवून, पानावरच्या नंबरवर, आपण फोन करायचा.